180 व्होल्टवरचा रॉड: सोडवलेलं न्यूमेरिकल तपासायचं कसं

मुलाच्या वहीतलं फिजिक्सचं न्यूमेरिकल तपासायला घेतलं की नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. उत्तर पुस्तकाशी जुळलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. पण चुकीच्या वाटेने गेलेलं गणितही कधीकधी बरोबर उत्तरावर येऊन टेकतं, आणि एका चुकलेल्या उत्तरामागे एकमेकींना झाकणाऱ्या दोन-तीन चुका असू शकतात. म्हणून इथे एकच गणित घेऊ आणि ते ओळीओळीने तपासू. प्रसंग बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही घरातला आहे: थंडीची सकाळ, पडलेलं व्होल्टेज आणि बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड.

गणित असं आहे. रॉडवर 230 V, 1500 W असं छापलंय. तो 20 लिटर पाण्यात सोडला. पाणी 20 °C पासून 60 °C पर्यंत तापवायचं आहे. त्या वेळी घरात 180 V मिळतात. रॉडचा रोध बदलत नाही आणि सगळी उष्णता पाण्यालाच मिळते असं धरा. पाण्याची विशिष्ट उष्मा c = 4200 J/kg°C. तर रॉडमधून किती धारा वाहील, पाणी तापायला किती मिनिटं लागतील आणि विजेचे किती युनिट खर्च होतील?

पीयूसीच्या विद्यार्थ्याने ते असं सोडवलं असं समजू:

(1) I = P/V = 1500/180 = 8.33 A
(2) ΔT = 60 − 20 = 40 °C = 313 K
(3) Q = mcΔT = 20 × 4200 × 313 = 26292000 J
(4) t = Q/P = 26292000/1500 = 17528 s = 292 min
(5) युनिट = 1.5 × 292 = 438

अक्षर नीट, प्रत्येक ओळीत सूत्र, गुणाकार-भागाकार बिनचूक. तरी यात तीन वेगवेगळ्या जातीच्या चुका आहेत, आणि तिन्ही एकाच पद्धतीने सापडत नाहीत.

आधी अंदाज, मग पेन

वही वाचण्याआधी उत्तर साधारण कुठे पडायला हवं ते समासात लिहून ठेवावं. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, ते 40 अंशांनी तापवायचं, म्हणजे 20 × 4200 × 40 = 33,60,000 ज्यूल. रॉडला पूर्ण 230 व्होल्ट मिळाले असते तर तो सेकंदाला 1500 ज्यूल देतो, म्हणजे 2240 सेकंद, सदतीस मिनिटांच्या आसपास. व्होल्टेज कमी आहे, तेव्हा वेळ याहून जास्त लागणार. धाराही पूर्ण व्होल्टेजला 1500/230, म्हणजे साडेसहा अँपिअर असते. आता ती त्याहून कमी हवी. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. आपली उष्णता त्याहून थोडी कमी, म्हणजे एका युनिटच्या जरा आतबाहेर खर्च.

समासात एवढंच लिहायचं: धारा साडेसहाच्या खाली, वेळ चाळीस मिनिटांच्या वर, युनिट एकाच्या जवळ. आता वही बघा. धारा 8.33, म्हणजे वर. वेळ जवळजवळ पाच तास. युनिट 438. गृहज्योती योजनेत घराला महिन्याला जास्तीत जास्त 200 युनिट मोफत मिळतात. एका बादलीने तो कोटा दोनदा संपवून वर आणखी 38 युनिट खाल्ले. मूल हा आकडा लिहून पुढच्या गणिताकडे गेलं याचा अर्थ त्याने आकडा वाचलाच नाही. ही सवय लावण्यासाठी ओरडण्यापेक्षा एकच वाक्य पुरतं: "हे बिल घरी दाखवशील का?"

अंदाजाने तिन्ही उत्तरं चुकल्याचं कळलं. कुठे चुकली, ते अजून कळलेलं नाही.

पहिली ओळ: एककं जुळतात, सूत्र चुकतं

I = P/V हे सूत्र खोटं नाही. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, एककंही जुळतात. म्हणूनच फक्त एककं तपासणारा माणूस या ओळीवर बरोबरची खूण करून पुढे जातो. चूक आहे ती 1500 आणि 180 हे दोन आकडे एकाच सूत्रात बसवण्यात. रॉडवर छापलेले 1500 वॅट हे 230 व्होल्टला मिळणारे वॅट आहेत. 180 व्होल्टला हा रॉड 1500 वॅट घेतच नाही. दोन वेगळ्या प्रसंगांमधले आकडे एका सूत्रात आले, एवढाच या ओळीचा दोष आहे आणि तो मोठा आहे.

हे ओळखायला तपासणाऱ्याने प्रत्येक सूत्रापाशी एक प्रश्न विचारायचा: व्होल्टेज बदललं तेव्हा यातलं काय तसंच राहिलं? विद्यार्थ्याने नकळत उत्तर दिलंय की पॉवर तशीच राहिली. खरं उत्तर आहे, रोध तसाच राहिला. गणितात ते वाक्य दिलेलंही आहे. मुलाने ते वाचलं, पण वापरलं नाही. दिलेल्या माहितीतली एखादी गोष्ट सगळ्या उत्तरात कुठेच आली नसेल, तर तिथे थांबून बघावं. या उत्तरात 230 हा आकडाही एकदासुद्धा आलेला नाही. पहिल्याच ओळीत शंका यायला तेवढं पुरे.

दुसरी परीक्षा टोकाला नेऊन बघायची. मुलाच्या सूत्रात 180 च्या जागी 90 घाला: धारा 16.67 अँपिअर. 10 घाला: 150 अँपिअर. व्होल्टेज शून्याकडे जाईल तशी धारा वाढतच जाईल. वीज जवळजवळ गेलेली असताना रॉडमधून सगळ्यात जास्त करंट वाहतोय, हे कुणालाही पटणार नाही. एककं जुळत असूनही सूत्र चुकीच्या जागी बसलं असेल, तर अशा टोकाच्या किमतीला ते उघडं पडतं.

पण मुलाला ही कल्पना कुठून सुचली, हेही समजून घ्यावं, कारण ती हवेतून आलेली नाही. चिकोडी-निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर उसाला पाणी देणारी मोटर व्होल्टेज पडल्यावर चालू ठेवली की तापते, कधी कॉइल जळते. मोठ्यांच्या तोंडी असतंच, "व्होल्टेज कमी आहे, मोटर चालू करू नको, जास्त करंट ओढते." हे खरंच आहे. पंपाच्या मोटरवर पाणी उपसण्याचा भार असतो आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी ती जवळपास त्याच वेगाने फिरत राहते. त्यामुळे तिला लागणारी पॉवर फारशी कमी होत नाही, म्हणून ती धारा वाढवून भरपाई करते. वाढलेल्या धारेने वाइंडिंग तापतं. मोबाइलचा चार्जर आणि कित्येक एलईडी दिव्यांतलं सर्किटही असंच वागतं. तिथे I = P/V मध्ये P कायम धरणं बऱ्यापैकी चालतं.

रॉड मात्र नुसती तार आहे. त्याला कुठलंही काम पुरं करायचं नाही, त्याच्यावर भार नाही. जेवढं व्होल्टेज मिळेल त्या मानाने धारा, V = IR. म्हणजे सूत्र निवडण्याआधी उपकरण कोणतं ते बघावं लागतं. "P = VI कधी, P = V²/R कधी?" असं मुलं विचारतात, तेव्हा त्यांना पाठ करायला नियम हवा असतो. खरं तर रोधासाठी तिन्ही रूपं, VI, I²R आणि V²/R, एकाच वेळी खरी असतात. फक्त तिन्हींतले आकडे एकाच क्षणाचे असले पाहिजेत. तुलना करताना जी गोष्ट कायम आहे ती ज्या रूपात दिसते ते रूप सोयीचं. इथे R कायम आहे आणि V माहीत आहे, म्हणून V²/R.

पायऱ्या लिहिल्या, तरी विचार सुटलेला

याच गणिताचं आणखी एक उत्तर वर्गात हमखास दिसतं:

R = V²/P = 180²/1500 = 21.6 Ω
I = V/R = 180/21.6 = 8.33 A

हे उत्तर घाईत तपासणाऱ्याला फसवतं. रोध काढलाय, ओहमचा नियम लावलाय, पायऱ्या दोन आहेत. पण नीट बघा, 180 चा वर्ग करून 1500 ने भागलं आणि मग जे आलं त्याने पुन्हा 180 लाच भागलं. फिरून 1500/180 च मिळालं. जुनीच चूक नवे कपडे घालून आली. या रॉडचा रोध 230 व्होल्ट आणि 1500 वॅट या जोडीवरूनच काढता येतो, कारण ती जोडी एकाच प्रसंगाची आहे.

या चुकीचं मूळ पुष्कळदा लिखाणात असतं. मूल दोन्ही व्होल्टेजना V म्हणतं आणि दोन्ही पॉवरना P. अक्षर एकच असलं की कागदावर दोन प्रसंग एक होऊन जातात. म्हणून "दिलेली माहिती" लिहितानाच V₁ = 230 V, P₁ = 1500 W, V₂ = 180 V, P₂ = ? अशी नावं पाडायला लावा. मग I = P₁/V₂ असं लिहिताना मुलाचा हात आपोआप थबकतो. ही माहिती मराठीत लिहिली की इंग्रजीत, याने काही बिघडत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला आलेली मुलं पहिल्या वर्षी रोध-विभवांतर आणि इंग्रजी नावं दोन्ही मिसळून लिहितात, त्यावर लाल पेन चालवू नये. अक्षराखालचा 1 आणि 2 मात्र सोडू नये.

बरोबर सोडवणूक अशी:

R = V₁²/P₁ = 230²/1500 = 35.27 Ω
I₂ = V₂/R = 180/35.27 = 5.10 A
P₂ = V₂²/R = 180²/35.27 = 918.7 W
Q = 20 × 4200 × 40 = 3360000 J
t = Q/P₂ = 3657 s ≈ 61 min
युनिट = 3360000/3600000 = 0.93

व्होल्टेज सुमारे 22 टक्क्यांनी पडलं, पण पॉवर 39 टक्क्यांनी घटली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून सदतीस मिनिटांचं काम तासाभराचं झालं.

313 कुठून आलं

दुसऱ्या ओळीत मुलाने 40 मध्ये 273 मिळवले. वायूंच्या गणितांत तापमान केल्व्हिनमध्येच घालायचं असतं, त्या सवयीचा हा परिणाम. 40 °C हे तापमान असतं तर ते 313 K झालं असतंच. पण इथे 40 हा फरक आहे. दोन्ही टोकांना 273 मिळवा: 333 वजा 293, उत्तर पुन्हा 40. फरक सेल्सिअसमध्ये आणि केल्व्हिनमध्ये सारखाच असतो.

गंमत अशी की इथेही एककांची तपासणी काही पकडत नाही. किलो आणि अंश छेदले जातात आणि तिसऱ्या ओळीत ज्यूलच उरतात. ही चूक अर्थ विचारल्यावर दिसते: पाणी 20 अंशांवर आहे आणि ते 313 अंशांनी वाढलं तर शेवटी 333 °C वर पोहोचेल. उघड्या बादलीतलं पाणी शंभराच्या आसपासच उकळून वाफ होतं. मुलाला "313 बरोबर की चूक" असं विचारू नका, "मग पाणी शेवटी किती अंशांवर असेल?" असं विचारा.

उष्णतेच्या या ओळीत सीमाभागात आणखी एक घोळ दिसू शकतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात उष्णतेची गणितं कॅलरीत येतात आणि पाण्याची विशिष्ट उष्मा 1 cal/g°C धरतात. चंदगड किंवा कोल्हापूरकडच्या नातेवाइकांच्या नोट्स वापरणारं मूल कधी c = 1 घालून 20 × 1 × 40 = 800 लिहितं आणि त्याला थेट वॅटने भागतं. 800 हे किलोकॅलरी आहेत, वॅट म्हणजे सेकंदाला ज्यूल. इथे मात्र एककं लिहिली असती तर चूक लगेच दिसली असती, कारण किलोकॅलरीला ज्यूल प्रति सेकंदने भागून नुसते सेकंद मिळत नाहीत.

438 युनिटांचा उलगडा

पाचव्या ओळीत 1.5 हे किलोवॅट आहेत आणि 292 ही मिनिटं. गुणाकार झाला 438 किलोवॅट-मिनिट. मीटरचं युनिट किलोवॅट-तास असतं. 60 ने भागलं की 7.3 मिळतात. आकड्याशेजारी kW आणि min लिहायची सवय असती तर शेवटी kWh लिहिताना h कुठून आला, हा प्रश्न मुलाला स्वतःलाच पडला असता. एकक फक्त उत्तराच्या शेपटीला लावलं की त्याचा तपासणीला काही उपयोग होत नाही. ते किंमत घालतानाच प्रत्येक आकड्याबरोबर यायला हवं.

ही चूक आधीच्या चुकांपासून वेगळी काढता येते, आणि हे कौशल्य तपासणाऱ्याकडे असायलाच हवं. तिसऱ्या ओळीतली मुलाची स्वतःची उष्णता घ्या, चुकीची असली तरी. 26292000 ला 36 लाखांनी भागा: 7.3 युनिट. म्हणजे मुलाच्याच आकड्यांवरून दोन वाटांनी युनिट काढले तर एकदा 7.3 येतात, एकदा 438. पाचवी ओळ तिच्या आधीच्या ओळींशीच भांडते आहे, तेव्हा तिच्यात स्वतःची नवी चूक आहे. चौथ्या ओळीचं तसं नाही; उष्णता भागिले पॉवर ही रीत बरोबर आहे, फक्त तिच्यात वरून दोन चुकीचे आकडे उतरलेत. तिच्यावर वेगळी फुली मारली तर एका चुकीची शिक्षा दोनदा होते.

438 आणि 7.3 यांचा भागाकार बरोबर 60 येतो, हेही बघून ठेवा. मुलाचं उत्तर आणि खरं उत्तर यांचं गुणोत्तर पुष्कळदा चुकीचं नावच सांगतं. 60 आलं तर मिनिट-तास किंवा सेकंद-मिनिट, 3600 आलं तर सेकंद-तास, 1000 आलं तर वॅट-किलोवॅट, 4.2 च्या आसपास आलं तर कॅलरी-ज्यूल. या गणितात 1.63 आलं तर ते 230/180 चा वर्ग आहे, म्हणजे छापलेली पॉवर जशीच्या तशी वापरली. पहिल्या ओळीतले 8.33 भागिले 5.10 करून बघा, 1.63 च येतं.

गुणोत्तराने एकच चूक नीट ओळखू येते. वेळेचं बघा: 17528 भागिले 3657 म्हणजे 4.79, ओळखीचं काहीच नाही. कारण इथे दोन चुका उलट दिशांना ओढतायत. 313 ने वेळ 7.8 पट वाढवली, 1500 ने ती 1.63 पटीने कमी केली. असं अनोळखी गुणोत्तर आलं की एकाच चुकीच्या मागे लागू नका, दुसरी शोधा.

बरोबर उत्तर, चुकीची वाट

आता तिसरा विद्यार्थी बघा. त्याने तापमानाचा फरक 40 च घेतला, पण पॉवर 1500 वॅटच धरली. वेळ आली 2240 सेकंद, म्हणजे 0.622 तास. युनिट = 1.5 × 0.622 = 0.93. शेवटचं उत्तर अगदी बरोबर.

ते बरोबर येणारच होतं. पाण्याला द्यायची उष्णता ठरलेली आहे; रॉड जोरात चालला तर लवकर देईल, हळू चालला तर उशिरा. पॉवर चुकली की वेळ त्याच प्रमाणात उलटी चुकते, आणि गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. गणिताच्या या शेवटच्या प्रश्नाला व्होल्टेजशी काही देणंघेणंच नाही. फक्त तिसरं उत्तर बघून खूण करणाऱ्याला हा मुलगा आणि खरं समजलेला मुलगा सारखेच दिसतील. सीईटीसारख्या पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत हाच धोका असतो, कारण तिथे वाट कुणी बघत नाही. उलट धारा विचारली तर 5.10 च्या शेजारी 8.33 हा पर्याय ठेवलेला असण्याची शक्यता दाट. पर्याय बनवणाऱ्यांनाही या चुका पाठ असतात.

कोणती पायरी गाळली तर चालते

प्रत्येक पायरी लिहायला लावणं हा छळ आहे. 230 चा वर्ग वेगळ्या ओळीत करून दाखवायची काही गरज नाही, कॅल्क्युलेटरचं काम तिथेच सोडावं. जिथे मुलाने काहीतरी ठरवलं ती ओळ मात्र हवी. या गणितात असे निर्णय तीन आहेत. रोध छापलेल्या जोडीवरून काढला. तोच रोध 180 व्होल्टला चालवला. नवी पॉवर सगळी पाण्यात गेली असं धरलं. यातलं दुसरं वाक्य मुलं सगळ्यात जास्त गाळतात, कारण त्यात आकडेमोड काहीच नसते. "R तोच आहे" एवढे तीन शब्द पुरेत.

हे वाक्य का हवं, ते उपकरण बदललं की कळतं. रॉडमधली निक्रोमची तार तापल्यावर तिचा रोध फार बदलत नाही, शिवाय रॉड पाण्यात बुडालेला असल्यामुळे तो फारसा तापतही नाही. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बला हीच रीत लावली तर उत्तर बरंच चुकतं. पेटलेल्या टंगस्टन तारेचा रोध थंड तारेच्या दहापटीपेक्षाही जास्त असू शकतो, आणि कमी व्होल्टेजला ती कमी तापल्याने रोधही उतरतो. ज्याने वाक्य लिहिलं त्याला बल्बपाशी थांबायची संधी मिळते.

20 लिटर म्हणजे 20 किलो ही पायरी पाण्यासाठी गाळली तर चालवून घ्यावं. तेल असेल तर नाही, कारण एक लिटर तेल एक किलो भरत नाही.

राउंडिंगवर मात्र वेळ घालवू नये. कुणी रोध 35 धरून 60.5 मिनिटं काढली, कुणी 35.27 धरून 61, दोन्ही ठीक. उलट 5.1038 A असं कॅल्क्युलेटरवरून उतरवलेलं दिसलं तर तिथे विचारा, दिलेलं व्होल्टेज किती बारकाईने मोजलं होतं? घरचं 180 व्होल्टेज पाच मिनिटं स्थिर राहत नाही, चार दशांश स्थळं कसली लिहिता.

वहीत काय लिहायचं

पाचही ओळींवर लाल पेन फिरवला की मुलाला आपलं सगळंच चुकलं असं वाटतं आणि ते तयार उत्तर उतरवून घेतं. वरच्या वहीत तीनच ठिकाणी खूण हवी. पहिल्या ओळीत 1500 भोवती गोल आणि शेजारी "हे वॅट किती व्होल्टला?" दुसऱ्या ओळीत 313 भोवती गोल आणि "शेवटी पाणी किती अंशांवर?" पाचव्या ओळीत 292 खाली रेघ आणि "एकक?" तिसऱ्या आणि चौथ्या ओळीला सूत्रापुरती बरोबरची खूण द्यावी. सूत्राला, किमती घालण्याला आणि एककासह उत्तराला वेगळे गुण ठेवले असतील तर या दोन ओळींचे सूत्राचे गुण मुलाचे आहेत, ते कापू नयेत.

मग मुलाने गणित पुन्हा सोडवून आणलं की ते खरंच समजलं का, हे बघायला तेच गणित परत देऊन उपयोग नाही, आकडे पाठ झालेले असतात. एकच तोंडी प्रश्न विचारा: व्होल्टेज अर्धं, म्हणजे 115 झालं तर वेळ किती पट आणि युनिट किती? जे मूल लगेच "दुप्पट वेळ" म्हणतं त्याच्या डोक्यात अजून वर्ग बसलेला नाही. पॉवर चौथाई, म्हणजे 375 वॅट. वेळ चौपट, 8960 सेकंद, अडीच तासांना एखादं मिनिट कमी. युनिट तेच, 0.93. आणि एखादी मुलगी म्हणाली की अडीच तास उघड्या बादलीत पाणी निवतही राहील, मग युनिट तेवढेच कसे, तर तिने गणितातलं "सगळी उष्णता पाण्यालाच मिळते" हे वाक्य हेरलंय. तिला सांगा की खऱ्या बादलीत वेळ आणि युनिट दोन्ही जास्तच लागतील, आणि रॉड जितका हळू चालेल तितका तो फरक वाढेल.